स्टॉपिंग पोटेन्शियलच्या ग्राफवरून थ्रेशोल्ड फ्रिक्वेन्सी आणि वर्क फंक्शन काढताय? या चुका टाळा

फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचं समीकरण एका ओळीत मावतं, म्हणून त्यावरची न्युमेरिकल्स सोपी समजली जातात. पण प्रश्नात ग्राफ किंवा रीडिंगचा तक्ता आला, की तेच समीकरण पाठ असलेल्या मुलांची उत्तरंही एकमेकांशी जुळत नाहीत. तपासून पाहिलं तर गुणाकार-भागाकार बहुधा बरोबर असतात. ग्राफवरचा कोणता बिंदू खरा धरायचा, रेषा कुठपर्यंत वाढवायची आणि अक्षावरचा आकडा कशाचा आहे, इथे घोटाळा झालेला असतो. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू, आणि प्रत्येक चुकीमुळे उत्तर किती बिघडतं तेही काढून पाहू.

एका धातूच्या स्वच्छ पृष्ठभागावर मर्क्युरी लॅम्पमधल्या वेगवेगळ्या रेषांचा प्रकाश एकेक करून टाकला. प्रत्येक वेळी फोटोकरंट शून्य करण्यासाठी किती उलटा व्होल्टेज लागला ते नोंदवलं. तेच स्टॉपिंग पोटेन्शियल, म्हणजे V₀.

| तरंगलांबी (nm) | फ्रिक्वेन्सी ν (× 10¹⁴ Hz) | V₀ (V) |
|---|---|---|
| 365.0 | 8.22 | 1.26 |
| 404.7 | 7.41 | 0.93 |
| 435.8 | 6.88 | 0.70 |
| 546.1 | 5.49 | 0.13 |
| 690.7 | 4.34 | 0 |

यावरून प्लँकचा स्थिरांक h, थ्रेशोल्ड फ्रिक्वेन्सी ν₀ आणि वर्क फंक्शन φ काढायचं आहे. हाताशी समीकरण आहे:

V₀ = (h/e) ν − φ/e

उभ्या अक्षावर V₀ आणि आडव्या अक्षावर ν घेतलं, की ही सरळ रेषा होते. तिचा स्लोप h/e, आडव्या अक्षाला ती जिथे छेदते ती ν₀, आणि उभ्या अक्षावरचा इंटरसेप्ट −φ/e. हे सगळ्यांना येतं. अडचण याच्या पुढे आहे.

शून्याचं रीडिंग रेषेवर धरणं

या प्रकारच्या प्रश्नातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवू.

तक्त्यातली शेवटची ओळ पाहा. 690.7 nm च्या लाल प्रकाशाला V₀ शून्य दिलंय. पाहणाऱ्याच्या मनात लगेच येतं की V₀ शून्य होतं ती फ्रिक्वेन्सी म्हणजेच थ्रेशोल्ड, तेव्हा ν₀ = 4.34 × 10¹⁴ Hz, आणि उत्तर तर तक्त्यातच छापलंय! मग पहिला आणि शेवटचा बिंदू जोडून स्लोप काढला जातो: 1.26 भागिले 3.88 × 10¹⁴, म्हणजे 3.25 × 10⁻¹⁵ V s. त्यावरून h येतो 5.2 × 10⁻³⁴ J s आणि φ येतं 1.41 eV. आकडे नीटनेटके दिसतात, आणि तिन्ही चुकीचे आहेत.

का, ते समजून घ्यायला हवं. थ्रेशोल्डच्या खालच्या कुठल्याही फ्रिक्वेन्सीला धातूतून इलेक्ट्रॉन बाहेरच पडत नाही. करंटच नाही, मग तो थांबवायला व्होल्टेज कशाला लागेल? मीटर शून्य दाखवतो, आणि आपण तक्त्यात 0 लिहितो. हा 0 म्हणजे ‘इथे काही घडलंच नाही’ अशी नोंद आहे. थ्रेशोल्डवरचं शून्य वेगळं असतं, तिथे इलेक्ट्रॉन जेमतेम सुटतो आणि त्याच्याकडे गतिज ऊर्जा उरत नाही. लिहिताना दोन्ही ठिकाणी 0 लिहिलं जातं, म्हणून गल्लत होते. समीकरणाची सरळ रेषा ν₀ च्या उजवीकडेच लागू पडते. ν₀ च्या डावीकडे प्रत्यक्ष रीडिंग आडव्या अक्षावरच पडून राहतात, रेषेबरोबर खाली ऋण बाजूला जात नाहीत. तक्त्यात आणखी दोन लाल रेषा असत्या तर त्यांच्यापुढेही 0 च आला असता, आणि मग ‘थ्रेशोल्ड कोणती’ हा प्रश्न तक्ता पाहून सुटलाच नसता.

आता उरलेले चार बिंदू पाहा. त्यांतून जाणाऱ्या रेषेचा स्लोप असा येतो:

(1.26 − 0.13) / (8.22 − 5.49) × 10⁻¹⁴ = 1.13 / 2.73 × 10⁻¹⁴ = 4.14 × 10⁻¹⁵ V s

ही रेषा हिरव्या प्रकाशाच्या बिंदूपासून, म्हणजे 5.49 × 10¹⁴ पासून, खाली वाढवली तर V₀ आणखी 0.13 V ने घटून शून्य व्हायला हवं. त्यासाठी ν ला 0.13 / (4.14 × 10⁻¹⁵), म्हणजे साधारण 0.31 × 10¹⁴ Hz इतकं डावीकडे जावं लागेल.

ν₀ = (5.49 − 0.31) × 10¹⁴ = 5.18 × 10¹⁴ Hz

φ = 4.14 × 10⁻¹⁵ × 5.18 × 10¹⁴ = 2.14 eV, म्हणजे 3.43 × 10⁻¹⁹ J

थ्रेशोल्ड तरंगलांबी 579 nm आली. लाल प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे 1.8 eV आहे, आणि इथे लागतात 2.14 eV. म्हणजे पाचवं रीडिंग शून्य येणारच होतं, आणि ते आपल्या उत्तराशी पूर्ण सुसंगत आहे. ते रेषेवर नाही, इतकंच.

मग शून्याचं रीडिंग निरुपयोगी का? अजिबात नाही. ν₀ ही 4.34 × 10¹⁴ पेक्षा कमी असू शकत नाही, एवढी खात्रीची माहिती ते देतं. काढलेलं उत्तर त्याच्या डावीकडे आलं, तर कुठेतरी चुकलंय हे नक्की. म्हणून अशा ओळीचा उपयोग पडताळ्यासाठी करावा, रेषेसाठी नाही.

ही चूक झालीय का, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. शेजारशेजारच्या बिंदूंमधला स्लोप एकदा तोंडी पाहून घ्या. 8.22 ते 7.41 मध्ये V₀ 0.33 ने उतरतं, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या दर एककाला (10¹⁴ Hz ला) 0.41 V च्या आसपास. 6.88 ते 5.49 मध्ये 0.57 ने उतरतं, पुन्हा 0.41. मग 5.49 ते 4.34 या 1.15 च्या अंतरात V₀ फक्त 0.13 ने उतरतं, म्हणजे दर एककाला 0.11. तक्त्याच्या शेवटी स्लोप अचानक असा मोडला, की शेवटचा बिंदू थ्रेशोल्डच्या खाली गेलाय असं समजावं. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर किंवा स्प्रेडशीटमध्ये पाचही बिंदू टाकून बेस्ट-फिट काढणाऱ्यांना हा मोड दिसत नाही, कारण यंत्र सगळे बिंदू सारख्याच विश्वासाने घेतं. वरच्या पाच बिंदूंची लिस्ट-स्क्वेअर रेषा काढली तर स्लोप 3.38 × 10⁻¹⁵ आणि ν₀ 4.68 × 10¹⁴ येते. चारच बिंदू घेतले तर स्लोप 4.15 × 10⁻¹⁵ आणि ν₀ 5.18 × 10¹⁴. आधी हाताने ग्राफ काढून डोळ्यांनी पाहा, मगच बटणं दाबा.

स्लोप लगतच्या दोन रीडिंगमधून काढणं

चार बिंदू बरोबर निवडले, तरी कोणत्या दोन बिंदूंमधून स्लोप काढता यावर बरंच अवलंबून असतं. समजा, तुम्ही मधले दोन घेतले, 7.41 आणि 6.88. फरक 0.23 V, फ्रिक्वेन्सीतला फरक 0.53 × 10¹⁴. स्लोप आला 4.34 × 10⁻¹⁵, आणि φ आलं 2.29 eV. रीडिंग तीच, धातू तोच, तरी उत्तर 2.14 ऐवजी 2.29.

कारण साधं आहे. V₀ दोन दशांश स्थळांपर्यंत मोजलंय, म्हणजे प्रत्येक रीडिंगमध्ये 0.01 V इकडेतिकडे होऊ शकतं. दोन रीडिंगचा फरक घेताना ही चूक वाईटात वाईट 0.02 V होते. मूळ फरक 0.23 चा असेल तर ती जवळपास 9 टक्के झाली, आणि 1.13 चा असेल तर 2 टक्क्यांपेक्षाही कमी. म्हणून बिंदू जितके लांबचे, तितका स्लोप भरवशाचा.

ग्राफपेपरवर काम असेल तर याहून चांगली सवय म्हणजे सर्व बिंदूंच्या मधून जाणारी रेषा आधी आखायची, आणि मग स्लोपसाठी त्या रेषेवरचे दोन लांबचे बिंदू निवडायचे. ते बिंदू तक्त्यातले नसले तरी चालतात, उलट नसलेलेच बरे. रेषा आखून पुन्हा तक्त्यातलेच दोन आकडे उचलले, तर रेषा काढायचा उपयोग काय राहिला?

उभ्या अक्षावरचा इंटरसेप्ट डोळे झाकून वाचणं

ग्राफपेपरवर जागा वाचवायला बहुतेक जण आडवा अक्ष 4 × 10¹⁴ पासून सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. सगळी रीडिंग 4 ते 8.5 च्या दरम्यान आहेत, शून्यापासून सुरुवात केली तर निम्मा कागद रिकामा जाईल. छापील प्रश्नपत्रिकेतले ग्राफही कधी असेच काढलेले असतात.

आता रेषा खाली वाढवा. ती कागदाच्या डाव्या कडेला, जिथे उभा अक्ष काढलाय तिथे, साधारण −0.49 V ला येऊन मिळते. ‘उभ्या अक्षावरचा इंटरसेप्ट म्हणजे −φ/e’ हे वाक्य पाठ असतं, म्हणून φ = 0.49 eV लिहिलं जातं. पण तो इंटरसेप्ट ν = 4 × 10¹⁴ वरचा आहे. −φ/e मिळतो तो ν = 0 वर, आणि ν = 0 हे ठिकाण या कागदावर नाहीच. रेषा तिथपर्यंत मनाने नेली, तर ती −2.14 V ला पोहोचते. सोडियम, पोटॅशियम, सीझियम असे फोटोसेलमध्ये वापरले जाणारे धातू साधारण 2 ते 2.8 eV मध्ये येतात, आणि तांबं, जस्त, ॲल्युमिनियम 4 च्या वर. 0.49 eV खरं असतं, तर त्या धातूतून अदृश्य इन्फ्रारेडनेही इलेक्ट्रॉन सुटले असते. असं उत्तर आलं, की आधी अक्षाची सुरुवात तपासा.

इथे एक पद्धत ठामपणे सुचवावीशी वाटते. φ काढायला उभ्या अक्षावरच्या इंटरसेप्टच्या मागे लागू नका. आधी आडव्या अक्षावर ν₀ वाचा, आणि मग φ = hν₀ करा. आपला हिरवा बिंदू ν₀ पासून जेमतेम 0.31 × 10¹⁴ अंतरावर आहे, त्यामुळे तिथपर्यंत रेषा वाढवताना फारशी गडबड होत नाही. ν = 0 मात्र त्याच बिंदूपासून 5.49 × 10¹⁴ इतकं लांब आहे, आणि रेषा किंचित तिरपी झाली तरी एवढ्या लांब जाईपर्यंत ती बरीच सरकते. उदाहरणच घ्या. रेषा आखताना पट्टी जराशी हलली आणि स्लोप 4.15 ऐवजी 4.00 × 10⁻¹⁵ झाला, पण रेषा बिंदूंच्या मध्यावरून बरोबर गेली. अशा वेळी ν₀ होते 5.11 × 10¹⁴, म्हणजे सव्वा टक्क्याची चूक. उभ्या अक्षावरचा इंटरसेप्ट मात्र −2.05 V होतो, म्हणजे जवळजवळ पाच टक्क्यांची. प्रश्नात h ची प्रमाण किंमत दिली असेल आणि फक्त φ विचारलं असेल, तर ν₀ ला त्या h ने गुणलेलं कधीही चांगलं. h स्वतःच ग्राफवरून काढायला सांगितला असेल, तर मात्र तोच h पुढे वापरा. एकाच उत्तरात अर्ध्या ठिकाणी स्वतःचा आणि अर्ध्या ठिकाणी पुस्तकातला h वापरला, तर तपासणाऱ्याला पायऱ्या जुळवता येत नाहीत.

ऋण चिन्हाबद्दल एकच गोष्ट: इंटरसेप्ट ऋण असतो, वर्क फंक्शन धन. φ = −2.14 eV असं लिहिण्याला काही अर्थ नाही.

स्लोप म्हणजे h, की h/e?

V₀ विरुद्ध ν चा स्लोप h/e आहे. त्याचं एकक V s. h हवा असेल तर e ने गुणावं लागतं: 4.14 × 10⁻¹⁵ × 1.6 × 10⁻¹⁹ = 6.62 × 10⁻³⁴ J s. e ने गुणायचं विसरून ‘h = 4.14 × 10⁻¹⁵ J s’ असं लिहिलं जातं. आणखी एक गंमत अशी की h = 4.14 × 10⁻¹⁵ eV s हे मात्र अगदी बरोबर आहे. आकडा एकच, एकक बदललं की बरोबरचं चूक होतं. त्यामुळे इथे एकक लिहिल्याशिवाय आकडा लिहूच नये.

याचा उलटा प्रकारही होतो. उभ्या अक्षावर V₀ ऐवजी इलेक्ट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा घेतलेली असते, आणि ती जूलमध्ये असते. तेव्हा स्लोप थेट h असतो, आणि सवयीने e ने गुणणारा 10⁻⁵² च्या घरातलं उत्तर घेऊन बसतो. प्रश्न वाचताना रेषेकडे पाहण्याआधी उभ्या अक्षाचं नाव आणि एकक वाचा. आडव्या अक्षावर ‘× 10¹⁴’ कोपऱ्यात बारीक छापलेलं असतं, तेही बघा. स्लोप 0.414 आला आणि तसाच पुढे नेला, तर चूक 10¹⁴ पटीची होते.

eV आणि जूल यांचा गोंधळ टाळायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सगळं गणित eV मध्ये करायचं आणि जूल शेवटी, मागितले असतील तरच काढायचे. V₀ व्होल्टमध्ये आहे, म्हणजे eV₀ तेवढ्याच eV मध्ये आहे. गुणायचं काही उरतच नाही. बोर्डाच्या परीक्षेत आणि सीईटीत कॅल्क्युलेटर चालत नाही, तिथे या सवयीने दहाचे घात सांभाळायचा अर्धा त्रास वाचतो.

तरंगलांबीच्या जागी सरळ रेषा धरणं

वस्तुनिष्ठ प्रश्नांत ही चूक फार होते, कारण चुकीचं उत्तर बरोबर उत्तराच्या अगदी जवळ येतं आणि पर्यायांतही बसतं.

वरचाच धातू घ्या. प्रश्न असा: 400 nm च्या प्रकाशाला V₀ = 0.96 V आणि 500 nm ला 0.34 V, तर थ्रेशोल्ड तरंगलांबी किती? घाईत विचार असा होतो की 100 nm ला V₀ 0.62 ने घटलं, तर उरलेलं 0.34 घटायला आणखी 55 nm, म्हणून उत्तर 555 nm. पण V₀ आणि λ यांचा ग्राफ सरळ रेषा नाहीच. ν = c/λ असल्यामुळे तो वक्र असतो, आणि तरंगलांबी वाढत जाईल तसा त्याचा उतार मंदावत जातो. म्हणून सरळ रेषेने काढलेली थ्रेशोल्ड तरंगलांबी खऱ्यापेक्षा नेहमी कमी येते.

बरोबर रीत अशी. फोटॉनची ऊर्जा eV मध्ये काढायला 1240 ला nm मधल्या तरंगलांबीने भागा. 400 nm साठी 3.10 eV, त्यातून 0.96 वजा केले की φ = 2.14 eV. 500 nm साठी 2.48 eV, त्यातून 0.34 वजा, पुन्हा 2.14. दोन्हींतून एकच φ आलं, म्हणजे आकडे बरोबर आहेत. मग थ्रेशोल्ड तरंगलांबी 1240 / 2.14, म्हणजे 579 nm. आधी ग्राफवरून काढलेलं उत्तरही हेच होतं.

तरंगलांबीच दिली असेल आणि ग्राफच काढायचा असेल, तर आडव्या अक्षावर 1/λ घ्या. तेव्हा रेषा पुन्हा सरळ होते आणि स्लोप hc/e, म्हणजे सुमारे 1.24 × 10⁻⁶ V m येतो.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे ‘फ्रिक्वेन्सी दुप्पट केली, म्हणून V₀ दुप्पट’. आपली रेषा आरंभबिंदूतून जात नाही, म्हणून V₀ हे ν च्या समप्रमाणात नाही. आपल्या धातूत 6 × 10¹⁴ ला V₀ सुमारे 0.34 V आहे, आणि 12 × 10¹⁴ ला सुमारे 2.83 V. फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली तर V₀ दुपटीपेक्षा नेहमी जास्तच वाढतं, आणि सुरुवातीची फ्रिक्वेन्सी थ्रेशोल्डच्या जितकी जवळ, तितकी ही वाढ मोठी.

दोन धातूंच्या रेषा

हे थोडक्यात. दोन धातूंच्या रेषा एकमेकींना समांतर असतात, कारण h आणि e धातूवर अवलंबून नाहीत. उजवीकडच्या रेषेचं वर्क फंक्शन जास्त. प्रकाशाची तीव्रता वाढवली तर रेषा जराही हलत नाही, फक्त सॅच्युरेशन करंट वाढतो. उत्तर लिहिताना तुमच्या आकृतीत दोन रेषा एकमेकींना छेदत असतील, तर आकृती चुकली आहे.

प्रयोगशाळेतला ग्राफ आणि पुस्तकातला ग्राफ

आतापर्यंतचं सगळं न्युमेरिकलसाठी होतं. बीएस्सीला फोटोसेल घेऊन h काढायचं प्रॅक्टिकल करणाऱ्यांना मात्र एक वेगळीच अडचण येते. स्लोपवरून h बऱ्यापैकी बरोबर येतो, पण आडव्या अक्षावर रेषा जिथे छेदते तिथून काढलेलं वर्क फंक्शन कॅथोडच्या धातूशी जुळत नाही. मग जर्नलमध्ये ‘प्रायोगिक त्रुटी’ असं लिहून विषय मिटवला जातो. ही त्रुटी नाही, तिला ठरलेलं कारण आहे.

फोटोसेलमध्ये प्रकाश कॅथोडवर पडतो आणि इलेक्ट्रॉन गोळा करायला वेगळ्या धातूचा ॲनोड असतो. दोन वेगळे धातू तारेने जोडले, की त्यांच्यात आपोआप एक विभवांतर तयार होतं, त्याला कॉन्टॅक्ट पोटेन्शियल म्हणतात. ते दोन्ही वर्क फंक्शनच्या फरकाइतकं असतं. ॲनोडचं वर्क फंक्शन कॅथोडपेक्षा जास्त असेल, तर हे विभवांतर इलेक्ट्रॉनला आधीच अडवत असतं, आणि आपल्याला बाहेरून कमी व्होल्टेज लावावा लागतो. हिशेब केला तर कॅथोडचं φ कटून जातं आणि उरतं ते असं:

eV₀ = hν − φ (ॲनोडचं)

म्हणजे कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटताहेत तोपर्यंत, मीटरवर वाचलेल्या V₀ ची रेषा आडव्या अक्षाला जिथे छेदते ती फ्रिक्वेन्सी ॲनोडच्या वर्क फंक्शनवर ठरते. स्लोपवर याचा काहीच परिणाम होत नाही, कारण कॉन्टॅक्ट पोटेन्शियल सगळ्या रीडिंगमध्ये सारखंच असतं. ते पूर्ण रेषा खाली किंवा वर सरकवतं, तिरपी करत नाही. म्हणून h बरोबर येतो आणि φ चुकतं.

रॉबर्ट मिलिकन यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत याच गोष्टीची काळजी घेतली होती. सोडियम आणि लिथियमसारख्या धातूंचा पृष्ठभाग ते निर्वात नळीच्या आतच सुरीने तासून ताजा करत, कारण हवेच्या संपर्काने या धातूंवर लगेच थर चढतो आणि वर्क फंक्शन बदलतं. कॉन्टॅक्ट पोटेन्शियल त्यांनी स्वतंत्रपणे मोजलं आणि V₀ मध्ये तेवढी दुरुस्ती केली. त्यांना h ची किंमत 6.57 × 10⁻³⁴ J s मिळाली, आजच्या 6.626 × 10⁻³⁴ पेक्षा एक टक्क्याच्या आतबाहेर कमी. पाठ्यपुस्तकातल्या न्युमेरिकलमध्ये दिलेलं V₀ हे असं दुरुस्त केलेलं आहे असं गृहीत धरलेलं असतं, म्हणून तिथे ν₀ वरून काढलेलं φ कॅथोडचंच असतं.

प्रॅक्टिकलमध्ये आणखी एक गोष्ट रेषा बिघडवते. रंगीत फिल्टर थोडाफार नको तो प्रकाशही आत सोडतो. पिवळ्या किंवा लाल फिल्टरमधून थोडा निळा प्रकाश झिरपला, तर तेवढ्यानेही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि V₀ त्या निळ्या प्रकाशानुसार मोठं येतं. कमी फ्रिक्वेन्सीकडचे बिंदू रेषेच्या वर दिसायला लागले, तर आधी फिल्टर आणि खोलीतला दिवा तपासा. खिडकीचा पडदा ओढून, तोच फिल्टर ठेवून पुन्हा रीडिंग घ्या. बिंदू खाली आला, तर बाहेरचा प्रकाश आत येत होता. नाही आला, तर दोष फिल्टरचा असू शकतो किंवा तो बिंदू थ्रेशोल्डच्या खालचा असू शकतो. फिल्टरच्या तरंगलांबीवरून फोटॉनची ऊर्जा काढून ती कॅथोडच्या वर्क फंक्शनशी ताडून पाहिली, की दोन्हींपैकी काय ते कळतं. जर्नलमध्ये स्लोपवरून h लिहा, आणि इंटरसेप्टची किंमत लिहायचीच असेल तर तिच्यापुढे ‘कॉन्टॅक्ट पोटेन्शियलची दुरुस्ती केलेली नाही’ असं स्पष्ट लिहा.